अंधाऱ्या तळघरात फडफडणारा पडदा

गेममधला शिलेदार मशाल घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरतो आणि इतका वेळ शांत असलेला पडदा फडफडू लागतो. चोक गेलेल्या ट्यूबलाइटसारखा नाही, त्याहून पुष्कळ हलका. काळोख्या भिंतींचा राखाडी रंग क्षणात उजळतो, क्षणात मावळतो, सेकंदाला पाच-सहा वेळा. पायऱ्या चढून वर उन्हात आलं की सगळं पुन्हा ठीक. खेळणारा केबल बदलून पाहतो, फरक पडत नाही. मॉनिटर उचलून दुकानात नेतो, तर तिथे चित्र दगडासारखं स्थिर. दुकानदार म्हणतो, ‘यात काहीच बिघाड नाही.’ आणि त्याच्या टेबलावर तो बिघाड दिसणारच नसतो. कारण तो एकट्या मॉनिटरचा नाही, एकट्या ग्राफिक्स कार्डाचाही नाही. दोघांनी एकमेकांच्या तालावर चालायचं ठरवलं आहे आणि तो ताल एका ठरावीक रेषेखाली गेला की त्यांची जुळणी डगमगते.

ही रेषा कुठे असते आणि तिच्याखाली नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

मॉनिटर पडद्यावरचं चित्र सेकंदाला ठरावीक वेळा नव्यानं रंगवतो. त्याला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. पूर्वी तो बहुतेक घरांत ६० हर्ट्झ असायचा. ग्राफिक्स कार्ड मात्र घड्याळाच्या काट्यावर चालत नाही. मोकळं आकाश दाखवायचं असेल तर त्याचं काम पटकन उरकतं. धूर, पाणी, सावल्या आल्या की एकेका चित्राला, म्हणजे एकेका फ्रेमला, दुप्पट वेळ लागतो. मॉनिटरच्या ठोक्याला फ्रेम तयार नसेल तर पूर्वी दोनच वाटा होत्या. कार्डानं पुढच्या ठोक्याची वाट पाहायची, मग हालचाल अडखळते. किंवा मॉनिटर अर्धा पडदा रंगवून झालेला असतानाच नवी फ्रेम घुसवायची, मग चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं.

ऑक्टोबर २०१३मध्ये एनव्हिडियानं जी-सिंक जाहीर केलं आणि हे नातं उलटं केलं. मॉनिटरनं ठोका द्यायचा नाही, कार्डाची फ्रेम तयार होईपर्यंत थांबायचं आणि ती आली की लगेच रंगवायची. २०१४मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं हीच कल्पना अडॅप्टिव्ह सिंक या नावानं डिस्प्लेपोर्ट १.२ए या मानकात घेतली, आणि २०१५पासून एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले. सेकंदाला ७३ फ्रेम तयार झाल्या तर मॉनिटर ७३ हर्ट्झवर चालतो, ९१ झाल्या तर ९१वर. फाटणं गेलं, अडखळणंही गेलं.

पण मॉनिटरचं थांबणं अमर्याद नसतं. ‘४८ ते १४४ हर्ट्झ’ असं लिहिलेला मॉनिटर घेतला, तर दोन रिफ्रेशमध्ये तो जास्तीत जास्त सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग, म्हणजे २०.८ मिलिसेकंद थांबू शकतो. त्यापुढे त्याला चित्र धरून ठेवता येत नाही. एलसीडीच्या पडद्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे विजेचा भार साठवणारं एक इवलंसं भांडं असतं. रिफ्रेशच्या वेळी ते हव्या त्या पातळीपर्यंत भरलं जातं, आणि त्या पातळीवर बिंदूतून किती उजेड पार व्हायचा ते ठरतं. हे भांडं पाझरतं. माठातलं पाणी जसं नकळत कमी होतं, तसा भार हळूहळू निसटतो आणि बिंदूची उजळता सरकते. पुढचा रिफ्रेश आला की भांडं पुन्हा भरतं. सेकंदाला १४४ वेळा भरलं तर पातळी फार खाली जात नाही. ४८ वेळाच भरलं तर जास्त जाते. त्याहून कमी वेळा भरलं तर डोळ्याला जाणवण्याइतकी जाते. खालची मर्यादा मॉनिटर बनवणारे उगाच घालत नाहीत.

मग गेमचा वेग ४८च्या खाली, समजा ४०वर गेला तर? सुरुवातीच्या फ्रीसिंक मॉनिटरांवर तिथे सारी जादू संपायची. नोव्हेंबर २०१५मध्ये एएमडीनं आपल्या क्रिमसन या ड्रायव्हर-आवृत्तीत त्यावर उपाय आणला. त्याचं नाव लो फ्रेम रेट कॉम्पेन्सेशन, थोडक्यात एलएफसी. सेकंदाला ४० फ्रेम येत असतील तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची. मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो, आपल्या मर्यादेत आरामात राहतो, आणि खेळणाऱ्याला ४०चीच हालचाल दिसते. वेग २४वर आला तर प्रत्येक फ्रेम तीनदा, म्हणजे ७२ हर्ट्झ. जी-सिंकमध्ये हेच काम मॉनिटरच्या आत बसवलेलं खास सर्किट करत असे. त्याच्याजवळ स्वतःची मेमरी होती आणि मागची फ्रेम ते तिथून पुन्हा काढून दाखवत असे. फ्रीसिंकमध्ये ते संगणकातला ड्रायव्हर करतो.

कल्पना मात्र संगणकाहून कितीतरी जुनी आहे. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्मवरची चित्रं सेकंदाला २४ सरकतात, पण दिव्यासमोर फिरणाऱ्या झडपेला दोन किंवा तीन पाती असतात. त्यामुळे एकच चित्र पडद्यावर दोनदा किंवा तीनदा उजळतं. मूकपटांच्या काळात चित्रं त्याहूनही सावकाश, अनेकदा सोळाच्या आसपास सरकत, आणि तीन पात्यांच्या झडपेमुळे प्रकाशाचे ठोके अठ्ठेचाळीस पडत. नव्या मॉनिटरांची खालची मर्यादा आज बऱ्याचदा नेमकी ४८च असावी, हे पाहून जुन्या तंत्रज्ञांना बरं वाटलं असतं.

प्रोजेक्टरला एक सोय होती. फिल्मचा वेग जवळजवळ स्थिर असे आणि पुढचं चित्र कधी येणार हे ठाऊक असे. ड्रायव्हरला ते ठाऊक नसतं. आत्ता फ्रेम आली, पुढची २१ मिलिसेकंदांनी येईल की ३०नी, हा त्याचा अंदाजच असतो आणि तो मागच्या फ्रेमांवरून बांधलेला असतो. जुनी फ्रेम पुन्हा रंगवायला घेतली आणि तेवढ्यात नवी तयार झाली, तर रंगवणं पुरं होईपर्यंत तिला ताटकळावं लागतं. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला एक पडदा रंगवायला साधारण ७ मिलिसेकंद लागतात, तेवढाच उशीर होतो. म्हणून मॉनिटरच्या मर्यादांमध्ये ऐसपैस जागा लागते. वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या निदान अडीचपट असावी, अशी एएमडीची सुरुवातीची अट होती.

स्वस्तातल्या मॉनिटरांवर ‘४८ ते ७५ हर्ट्झ’ असं लिहिलेलं दिसतं, तिथे ही अट का मोडते ते आकडे मांडून पाहण्यासारखं आहे. वेग ४५वर आला. दुप्पट केले तर ९०, पण मॉनिटर ७५च्या पुढे जात नाही. वेग ३७वर आला तर दुप्पट ७४, ते कसेबसे बसतात. म्हणजे ३७.५ ते ४८ या पट्ट्यात एकदा दाखवणंही जमत नाही आणि दोनदा दाखवणंही नाही. तिथे खड्डा आहे. गेम तर वर-खाली होत असताना या खड्ड्यातून सतत जाणार. म्हणून अशा मॉनिटरवर एलएफसी चालूच होत नाही. वेग ४८खाली गेला की चित्र पुन्हा फाटतं किंवा अडखळतं. पेटीवर अडॅप्टिव्ह सिंक लिहिलं आहे एवढं पाहून मॉनिटर घेणाऱ्याला ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि ती सांगायला हवी.

आता पुन्हा तळघरात. खेळणाऱ्याचा मॉनिटर ४८ ते १४४चा आहे, एलएफसी नीट चालतं आहे. मग फडफड कुठून आली?

वरच्या अंगणात गेम सेकंदाला ८० फ्रेम देतो. तळघरात मशालीच्या हलत्या सावल्या आहेत, कार्डावर ताण येतो आणि वेग ४४ ते ५६ यांच्यामध्ये हेलकावे खाऊ लागतो. वेग ५० असताना एक फ्रेम २० मिलिसेकंद टिकते. ती एकदाच दाखवली जाते, मॉनिटर ५० हर्ट्झवर. क्षणभरात वेग ४७ होतो. फ्रेम आता २१.३ मिलिसेकंद टिकते. गेमच्या दृष्टीनं हा फरक किरकोळ आहे, खेळणाऱ्याच्या हाताला कळणारही नाही. पण ४७ हे ४८च्या खाली आहे. एलएफसी जागं होतं, प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतं आणि मॉनिटर ५०वरून थेट ९४ हर्ट्झवर उडी घेतो. बिंदूंची भांडी आतापर्यंत दर २० मिलिसेकंदांनी भरत होती, ती आता साडेदहा मिलिसेकंदांनी भरू लागतात. पाझरायला मिळणारा वेळ निम्मा झाला, सरासरी पातळी बदलली, आणि तिच्याबरोबर सगळ्या पडद्याची उजळता किंचित सरकली. पुन्हा वेग ५६ झाला की उडी उलटी.

उजळतेतला हा फरक स्वतंत्रपणे पाहिला तर नगण्य असतो. एक तास ५० हर्ट्झवर आणि एक तास ९४वर बसवलं तर कुणाला वेगळेपण सांगता येणार नाही. तो दिसतो तो उड्यांमुळे. माणसाचा डोळा सेकंदाला दहाच्या आसपास होणाऱ्या उजेड-अंधाराच्या बदलाला फार हळवा असतो, आणि हेलकावे खाणारा गेम नेमक्या त्याच चालीनं रेषा ओलांडत असतो. त्यातही गडद राखाडी रंगात ते जास्त जाणवतं. तिथे मुळात उजेड थोडा असतो, त्यामुळे तेवढाच फरक प्रमाणानं मोठा ठरतो. शिवाय व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये गडद छटांच्या जवळ भार जरासा बदलला तरी उजळता बरीच बदलते. म्हणून तळघरात फडफड दिसते आणि अंगणातल्या उन्हात दिसत नाही.

एलसीडीत आणखी एक गुंता आहे. बिंदूवर एकाच दिशेचा भार सतत राहिला तर द्रवस्फटिक खराब होतात, म्हणून दर रिफ्रेशला भाराची दिशा उलटवली जाते: एकदा धन, एकदा ऋण. रिफ्रेश समान अंतरानं येत असतील तर हिशेब बरोबर जुळतो. एक फ्रेम लांब, एक आखूड असा क्रम लागला की एका दिशेला जास्त वेळ मिळतो आणि तोल जातो. फडफडीत त्याचीही भर पडते.

ओएलईडीचे पडदे यातून सुटतील अशी आशा होती, कारण त्यांचा प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो. तसं झालं नाही. तिथे प्रत्येक रिफ्रेशच्या वेळी बिंदूच्या प्रकाशात एक बारीकशी खाच पडते. सेकंदाला ५० खाचा पडत होत्या, त्या अचानक ९४ झाल्या की सरासरी उजळता बदलते. शिवाय या पडद्यांचे रंग बहुधा सर्वांत वरच्या रिफ्रेश रेटवर जुळवलेले असतात. काळ्याच्या जवळच्या छटा खाली येता येता रंग सोडतात. ओएलईडीच्या गडद काळ्यावर भाळून पैसे मोजणाऱ्याला नेमक्या त्याच छटांमध्ये दोष दिसावा, ही खरोखर खंत करण्यासारखी गोष्ट आहे.

रेषेवरच्या या उड्या टाळायला ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी काही केलं नाही असं नाही. लिनक्ससाठी एएमडीच्या ड्रायव्हरचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यात ही एक ओळ आहे:

```
#define BTR_MAX_MARGIN 2500
```

हा आकडा मायक्रोसेकंदांत आहे, म्हणजे अडीच मिलिसेकंद. फ्रेमचा वेळ २०.८ मिलिसेकंदांच्या वर गेला की दुप्पट दाखवणं सुरू होतं, पण तो पुन्हा २०.७ झाला म्हणून लगेच थांबत नाही. निदान अडीच मिलिसेकंद खाली, १८.३पर्यंत, म्हणजे साधारण ५५ फ्रेमपर्यंत वेग चढला तरच ड्रायव्हर एकेरीवर येतो. उंबरठ्यावर आत-बाहेर करणाऱ्या गेमला त्यानं एक छोटी ओसरी दिली आहे. वेग ४६ ते ५२ एवढाच हलत असेल तर ओसरी पुरते. आपल्या तळघरातला गेम ४४ ते ५६ हलतो, त्याला ती अपुरी पडते.

कधीकधी सरासरी आकडा ७० दिसत असतो आणि तरी पडदा मधूनच लुकलुकतो. तेव्हा सरासरीकडे न पाहता फ्रेम टाइमचा आलेख लावून पाहावा. बहुतेक गेमांसाठीच्या मापन-साधनांमध्ये तो असतो. सरळ रेषेत मधूनच एखादं टोक वर गेलेलं दिसेल. एक फ्रेम डिस्कवरून काही वाचताना अडकली आणि ३५ मिलिसेकंदांनी आली. मॉनिटर २०.८च्या पुढे थांबू शकत नाही, म्हणून त्यानं जुनीच फ्रेम मध्ये पुन्हा रंगवली. एवढ्यानं एक लुकलुक झाली. नवा भाग लोड होत असतानाच्या पडद्यावर तर हे हमखास दिसतं. वेग क्षणात शेकड्यांत, क्षणात शून्यावर. त्याची काळजी करायचं कारण नाही.

फडफड याच कारणाची आहे का, हे ओळखायला फार काही लागत नाही. पुष्कळ मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूत चालू रिफ्रेश रेट दाखवण्याची सोय असते. ती लावायची, आणि गेमचा फ्रेम रेट दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. गेम ४७ म्हणतो आणि मॉनिटर ९४, तर एलएफसी चालू आहे. मॉनिटरचा आकडा ५० आणि नव्वदीच्या दरम्यान उड्या मारतो आहे आणि फडफड त्याच वेळी दिसते आहे, तर दोषी सापडला. खातरजमा म्हणून अडॅप्टिव्ह सिंक बंद करून त्याच तळघरात परत जायचं. फडफड थांबली आणि त्याऐवजी चित्र फाटू लागलं, तर शंका उरत नाही. बंद करूनही थांबली नाही, तर कारण दुसरं आहे. मागचा दिवा मंद करण्यासाठी तो भराभर चालू-बंद करणारी पद्धत किंवा खराब केबल, यांच्याकडे तेव्हा वळावं.

उपायांत सगळ्यात सरळ उपाय म्हणजे गेमला रेषेपासून दूर नेणं. सावल्यांची प्रत एक पायरी उतरवली आणि तळघरातला किमान वेग ६०च्या वर राहिला, तर मॉनिटर रेषा ओलांडणारच नाही. कार्ड जुनं असेल तर हे नेहमी जमत नाही. अशा वेळी उलटा विचार कामी येतो: गेम वर नेता येत नसेल तर रेषाच वर न्यायची.

विंडोजवर सीआरयू नावाचं एक छोटं साधन आहे. मॉनिटर आपल्या क्षमतांचा जो तक्ता संगणकाला देतो, त्याची संगणकातली प्रत ते बदलतं. मॉनिटरला स्वतःला हात लागत नाही. त्यात ४८ ते १४४ऐवजी ६० ते १४४ लिहायचं आणि सोबत येणारं `restart64.exe` चालवायचं. काही बिनसलं तर `reset-all.exe` सगळं पूर्ववत करतं. आता तळघरातला ४४ ते ५६चा सगळा हेलकावा नव्या रेषेच्या खाली येतो. प्रत्येक फ्रेम न चुकता दोनदा दाखवली जाते, आणि मॉनिटर ८८ ते ११२ हर्ट्झमध्ये सावकाश सरकत राहतो. उड्या संपल्या. मजेची गोष्ट अशी, की मॉनिटरची क्षमता कागदोपत्री कमी केली आणि चित्र सुधारलं. काही नव्या ओएलईडी मॉनिटरांच्या मेनूत फडफड कमी करणारी जी सोय येते, तीही याच मार्गानं जाते: थांबण्याचा पट्टा अरुंद करते.

यालाही मर्यादा आहेत. दुसऱ्या एखाद्या गेमचा वेग ५५ ते ७०मध्ये हलत असेल तर हाच बदल त्याच्यासाठी नवी फडफड घेऊन येईल, कारण रेषा आता त्याच्या वाटेत आली. ज्या मॉनिटरात जी-सिंकचं जुनं सर्किट आहे तिथे ही युक्ती चालत नाही. आणि ४८ ते ७५च्या मॉनिटरवर तर रेषा वर नेण्यात अर्थच नाही, खड्डा आणखी रुंद होतो.

खेळयंत्रांमध्ये हाच प्रश्न उघडपणे समोर आला. प्लेस्टेशन ५वर एप्रिल २०२२मध्ये ही सुविधा आली तेव्हा तिचा पट्टा ४८ ते १२० हर्ट्झ होता आणि यंत्राच्या पातळीवर एलएफसी नव्हतं. ४८च्या खाली घसरणाऱ्या गेमला तिचा आधार मिळत नव्हता. त्याआधीच, २०२१मध्ये, इन्सोम्नियाक या गेम बनवणाऱ्या कंपनीनं ‘रॅचेट अँड क्लँक’मध्ये वेगळी वाट दाखवली होती: वेग ४०वर बांधून टाकायचा. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दिसते.

तळघरातल्या खेळाडूलाही ती वाट खुली आहे. ड्रायव्हरमध्ये किंवा गेममध्ये फ्रेम रेटची मर्यादा ४० लावायची. ६०ची सवय असलेल्या हाताला पहिली पाच मिनिटं ते जड वाटतं. पण कार्डाला ४४ फ्रेम झेपतच होत्या, त्यामुळे ४० ते कधी चुकत नाही. फ्रेम टाइमची रेषा २५ मिलिसेकंदांवर सपाट पडते, मॉनिटरच्या कोपऱ्यातला आकडा ८०वर येऊन थांबतो, आणि मशालीच्या उजेडात भिंतींचा राखाडी रंग जिथल्या तिथे राहतो.